आधी काय, नंतर काय: प्रतिक्रिया काळाच्या प्रात्यक्षिकात प्रतिसंतुलन कसे करावे

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची जर्नल्स तपासताना एक वाक्य हमखास भेटते: 'क्रमपरिणाम टाळण्यासाठी प्रतिसंतुलन केले.' क्रमपरिणाम म्हणजे कोणती अट आधी झाली याचा निकालावर पडणारा प्रभाव, आणि प्रतिसंतुलन म्हणजे तो दोन्ही अटींवर सारखा वाटला जावा म्हणून क्रम फिरवणे. पुढे कच्चा तक्ता पाहावा, तर अख्ख्या वर्गाने आधी साधा प्रतिक्रिया काळ मोजलेला असतो आणि मग निवडीचा. जर्नलमध्ये अटी त्याच क्रमाने छापलेल्या असतात, म्हणून प्रयोगही त्याच क्रमाने उरकला जातो. काहींनी साधा-निवड-निवड-साधा, म्हणजे अ-ब-ब-अ केलेले असते, पण सगळ्यांनीच अ-ब-ब-अ. तेही पुरेसे नाही. का, ते खाली येईलच.

उदाहरण एकच घेऊन शेवटपर्यंत जाऊ. अट 'अ' म्हणजे साधा प्रतिक्रिया काळ: पडद्यावर गोल दिसला की एकच कळ दाबायची, रंग कोणताही असो. अट 'ब' म्हणजे दोन पर्यायांचा निवड-प्रतिक्रिया काळ: निळा गोल आला तर एक कळ, पिवळा आला तर दुसरी. प्रत्येक प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो माणूस, दोन्ही अटींतून जाणार. वर्गात २४ प्रयुक्त धरले आहेत. प्रत्येक विद्यार्थी एका प्रयुक्तावर प्रयोग करतो आणि शेवटी सगळ्यांचा डेटा एकत्र होतो, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत.

दोन्ही अटी एकाच माणसावर घ्यायच्या, कारण माणसामाणसातला फरक मोठा असतो. एकाचा साधा प्रतिक्रिया काळ २२० मिलिसेकंद येतो, शेजारच्याचा ३१०. आपल्याला शोधायचा आहे तो अटींमधला फरक साधारण शंभराच्या आसपास. दोन वेगळे गट केले, तर हा फरक माणसांच्या फरकात सहज बुडून जातो. एकाच माणसाची त्याच्याशीच तुलना केली की तो वर येतो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: दुसरी अट सुरू होते तेव्हा प्रयुक्त पहिल्यासारखा कोरा राहिलेला नसतो.

## टप्पा १: अटींमध्ये एकच गोष्ट वेगळी ठेवा

क्रमाचा विचार करण्याआधी अटी नीट बांधा. प्रतिसंतुलनाने फक्त क्रमाचा दोष वाटला जातो. अटीतच दुसरा फरक शिरला असेल, तर क्रम कितीही फिरवा, तो तसाच राहतो.

सगळ्यात सहज शिरणारा फरक हाताचा. 'अ'मध्ये उजव्या हाताने J दाबायला सांगितले आणि 'ब'मध्ये F आणि J दोन्ही, तर 'ब'मधल्या अर्ध्या प्रतिक्रिया डाव्या हाताच्या झाल्या. मग आलेला फरक निवडीचा किती आणि डाव्या हाताचा किती, हे सांगता येत नाही. उपाय सोपा आहे. 'अ'चे दोन ब्लॉक, म्हणजे सलग घेतलेल्या ट्रायलचे दोन गठ्ठे, होणारच आहेत. त्यातला एक J वर घ्या, एक F वर. कोणता आधी, हे अर्ध्या प्रयुक्तांसाठी उलट करा.

दुसरा फरक रंगाचा. 'अ'मध्ये फक्त निळा गोल आणि 'ब'मध्ये दोन्ही, असे करू नका. दोन्ही अटींत निम्मे गोल निळे, निम्मे पिवळे, दोन्ही पडद्याच्या मधोमध, एकाच आकाराचे, करड्या पार्श्वभूमीवर. लाल-हिरवी जोडी मुद्दामच घेतलेली नाही, कारण रंगांधळेपणात हीच जोडी सर्वांत जास्त चुकते. 'ब'मध्ये निळ्याला कोणती कळ, हेही अर्ध्या प्रयुक्तांसाठी बदला. एका प्रयुक्तासाठी मात्र ती जोडी शेवटपर्यंत तीच ठेवा.

अनेकांना सुचणारा एक शॉर्टकट इथेच बाद करतो. 'अ' आणि 'ब'च्या ट्रायल एकाच ब्लॉकमध्ये मिसळल्या तर क्रमाचा प्रश्नच मिटेल, असे वाटते. तो मिटतो, पण त्याबरोबर 'अ'ही मिटते. पुढच्या गोलाला निवड करायची आहे की नाही हे माहीत नसेल, तर प्रयुक्त प्रत्येक वेळी निवडीच्या तयारीत बसतो आणि साधा प्रतिक्रिया काळ साधा राहत नाही. म्हणून इथे अटी ब्लॉकने द्यायच्या. ब्लॉकच्या आत रंगांचा क्रम यादृच्छिक आणि ब्लॉकचा क्रम प्रतिसंतुलित. ही दोन वेगळी कामे आहेत, जर्नलमध्ये एकाच्या नावावर दुसरे खपवू नका.

तपासा: दोन्ही अटींच्या सूचना शेजारी ठेवून वाचा. 'रंग पाहून कळ निवडायची की नाही' याखेरीज त्यांच्यात आणखी काही वेगळे दिसले, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: ट्रायल आणि वेळा ठरवा

एका ब्लॉकमध्ये ४० मोजायच्या ट्रायल आणि ४ रिकाम्या. असे चार ब्लॉक. प्रत्येक ट्रायलला आधी अधिकचे चिन्ह दिसते, मग थांबा आणि मग गोल. थांबा १, १.५, २ किंवा २.५ सेकंद, प्रत्येक दहा वेळा, क्रम यादृच्छिक. थांबा कायम दीड सेकंदच ठेवला, तर प्रयुक्त गोलाची वाट न बघता ताल धरून कळ दाबायला लागतो. ८० मिलिसेकंदाचे 'विक्रमी' आकडे येतात ते यामुळे. माणसाला गोल दिसून बोट हलायला त्याहून जास्त वेळ लागतो.

रिकाम्या ट्रायलमध्ये गोल येतच नाही. ताल धरणारा प्रयुक्त तिथे पकडला जातो. या ट्रायल 'ब'मध्येही ठेवा. फक्त 'अ'मध्ये ठेवल्या तर अटींत आणखी एक फरक घुसला.

वेळ किती लागेल? सरासरी पावणेदोन सेकंद थांबा, त्यात प्रतिक्रिया आणि पुढच्या ट्रायलआधीचा एक सेकंद मिळवला, तर एका ब्लॉकच्या या ४४ ट्रायल अडीच मिनिटांच्या आत संपतात. सराव, सूचना आणि ब्लॉकमधली विश्रांती धरून एका प्रयुक्ताला वीस-पंचवीस मिनिटे. यापेक्षा ट्रायल वाढवल्या की थकवा वाढतो आणि जो परिणाम आवरायचा तोच आपण मोठा करून ठेवतो.

मापनाबद्दल: ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते आणि कीबोर्डही स्वतःचा थोडा उशीर जोडतो. म्हणून लॅपटॉपवरचा आकडा खरा आकडा नव्हे, त्यात यंत्राचा उशीर मिसळलेला असतो. दोन्ही अटी एकाच यंत्रावर, एकाच पडद्यावर घेतल्या तर हा उशीर दोन्हींत सारखा येतो आणि वजाबाकीत निघून जातो. प्रकाश विरुद्ध आवाज असा विषय मी मुद्दाम टाळला तो यासाठीच. पडद्याचा उशीर वेगळा, स्पीकरचा वेगळा. तो फरक वजाबाकीत जात नाही आणि निष्कर्ष म्हणून छापला जातो.

## टप्पा ३: क्रम निवडा, आणि आधी कागदावर तपासा

समजा निवडीमुळे होणारा खरा फरक १०० मिलिसेकंद आहे. 'अ' ३०० आणि 'ब' ४००. आता सराव धरा. तो सरळ रेषेत वाढत नाही, सुरुवातीला पटकन होतो आणि मग मंदावतो. समजा पहिल्या ब्लॉकच्या तुलनेत दुसऱ्या ब्लॉकमध्ये प्रयुक्त १२ मिलिसेकंद वेगवान होतो, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात २०.

सगळ्यांना अ-अ-ब-ब दिले तर? 'अ'ला सरावाचा फायदा सरासरी (० + १२) ÷ २ = ६ मिळतो, 'ब'ला (१८ + २०) ÷ २ = १९. दिसणारा फरक १०० ऐवजी ८७.

अ-ब-ब-अ दिले तर 'अ'ला (० + २०) ÷ २ = १०, 'ब'ला (१२ + १८) ÷ २ = १५. दिसणारा फरक ९५. सुधारणा झाली, पण दोष पुरता गेला नाही. सराव सरळ रेषेत वाढला असता, समजा ०, ७, १४, २१, तर दोन्हींना १०.५ मिळाले असते आणि हिशेब चोख लागला असता. अ-ब-ब-अ सरळ रेषेतल्या सरावालाच पुरते, आणि प्रत्यक्षातला सराव वाकडा असतो.

आता अर्ध्या वर्गाला अ-ब-ब-अ आणि अर्ध्याला ब-अ-अ-ब द्या. दुसऱ्या गटात 'अ'ला १५, 'ब'ला १०, म्हणजे दिसणारा फरक १०५. दोन्ही गटांची सरासरी १००.

वर्गासाठी म्हणूनच निम्मे-निम्मे ही योजना. सराव नाहीसा झालेला नाही, तो दोन्ही अटींवर सारखा वाटला गेला एवढेच. जर्नलमध्ये 'क्रमपरिणाम नष्ट केला' असे लिहिणाऱ्याचे गुण मी कापतो.

इशारा: निम्मे म्हणजे निम्मेच. प्रयुक्त मध्येच उठून गेला किंवा डेटा बाद झाला, तर बदली प्रयुक्ताला त्याच ओळीतला क्रम द्या, यादीतला पुढचा नको.

## टप्पा ४: क्रमाची यादी आधीच बनवा

आता तीन गोष्टी फिरवायच्या आहेत: ब्लॉकचा क्रम (दोन प्रकार), निळ्याची कळ (दोन प्रकार) आणि 'अ'मध्ये कोणता हात आधी (दोन प्रकार). मिळून आठ जोडण्या. २४ प्रयुक्तांत प्रत्येक जोडणी तीनदा येते. प्रयुक्तांची संख्या आठच्या पटीत ठेवायची ती म्हणून. वीस जणांवर प्रयोग केला तर कुठेतरी पारडे झुकणारच.

यादी प्रयोगाच्या दिवशी तोंडी ठरवायची नसते. पहिल्या बारा जणांना एक क्रम आणि नंतरच्या बाराजणांना दुसरा, ही चूक फार दिसते. सकाळची बॅच अ-ब-ब-अ आणि जेवणानंतरची बॅच ब-अ-अ-ब झाली की क्रम आणि दुपारची पेंग एकमेकांत अडकतात. हजेरी क्रमांकाच्या सम-विषमावर वाटणेही मला पसंत नाही. पुढचा प्रयुक्त कोणत्या क्रमात जाणार हे सगळ्यांना आधीच कळते आणि 'हा जरा हळू दिसतोय, याला पुढच्या नंबरवर घेऊ' असे प्रकार सुरू होतात.

आठ-आठचे गट करा आणि प्रत्येक गटात आठही जोडण्या पिसून टाका. चिठ्ठ्यांनी होते. संगणकावर हवे असेल तर पायथनच्या एवढ्या ओळी पुरतात:

```python
import random, itertools
random.seed(41)
n = 1
for gat in range(3):
    p = list(itertools.product(
        ["ABBA", "BAAB"],
        ["nila-F", "nila-J"],
        ["F-J", "J-F"]))
    random.shuffle(p)
    for k in p:
        print(n, *k)
        n += 1
```

एखादी ओळ `BAAB nila-J F-J` अशी आली, तर तो प्रयुक्त ब-अ-अ-ब क्रमाने जाईल, निळ्याला J आणि पिवळ्याला F दाबेल, आणि 'अ'चा पहिला ब्लॉक F वर व दुसरा J वर करेल. `seed`चा आकडा कायम ठेवला की हीच यादी पुन्हा काढता येते. यादी छापून घ्या आणि प्रयुक्त ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने ओळी वापरा. बॅच आठच्या पटीत असेल तर प्रत्येक बॅचमध्ये आपोआप समतोल राहतो.

तपासा: छापलेल्या यादीत ABBA बारा वेळा आणि BAAB बारा वेळा आहे का, बोट ठेवून मोजा.

## टप्पा ५: प्रोग्रॅम आणि सूचना

सायकोपाय किंवा ओपनसेसमी ही प्रयोग बनवायची सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि या कामाला पुरतात. सायकोपायमध्ये कोड लिहीत असाल तर घड्याळ कुठे सुरू होते याकडे लक्ष द्या. गोल काढायची आज्ञा दिली तेव्हा नव्हे, गोल पडद्यावर खरोखर आला तेव्हा ते शून्य व्हायला हवे:

```python
gol.draw()
win.callOnFlip(kb.clock.reset)
win.flip()
keys = kb.waitKeys(maxWait=1.5,
                   keyList=["f", "j"],
                   waitRelease=False)
```

`keys[0].rt` सेकंदात येतो. हजाराने गुणल्यावर मिलिसेकंद. दीड सेकंदात कळ दाबली नाही तर `keys` मध्ये `None` येते, तेही नोंदवायचे. थांब्यात, गोल येण्याआधीच दाबलेली कळही वेगळी नोंदली जाईल असे पाहा. ती पुसून टाकली तर घाई करणारा प्रयुक्त आपल्याला दिसणारच नाही.

संगणक नसेल तर प्रयोगशाळेतला प्रतिक्रिया-मापक चालतो. दोन रंगांचे दिवे आणि दोन बटणे असलेले यंत्र मात्र हवे. आकडा पाहून हाताने उतरवायचा असल्याने ब्लॉक २० ट्रायलचा करा. बाकी सगळे तसेच.

सूचना छापील असू द्या आणि प्रत्येकाला अक्षरशः तीच वाचून दाखवा. 'अ'साठी, उजव्या हाताच्या ब्लॉकमध्ये:

'उजव्या हाताची तर्जनी J या कळेवर ठेवा. मधोमध अधिकचे चिन्ह दिसेल, तिकडे पाहत राहा. गोल दिसताच J दाबा. गोलाचा रंग कोणताही असला तरी J च दाबायची आहे. शक्य तितक्या लवकर दाबा, पण चुकू नका. कधीकधी गोल येणार नाही, तेव्हा काही दाबू नका.'

'ब'साठी, निळ्याला J असलेल्या प्रयुक्ताला:

'दोन्ही तर्जन्या F आणि J वर ठेवा. मधोमध अधिकचे चिन्ह दिसेल, तिकडे पाहत राहा. निळा गोल दिसला तर J, पिवळा दिसला तर F. शक्य तितक्या लवकर दाबा, पण चुकू नका. कधीकधी गोल येणार नाही, तेव्हा काही दाबू नका.'

'ब-अ-अ-ब'वाल्याला 'अ' सांगताना 'आता सोपे आहे' असे म्हणू नका. ते एक वाक्यसुद्धा क्रमानुसार बदलणारी सूचना ठरते.

## टप्पा ६: प्रत्यक्ष प्रयोग, याच क्रमाने

१. संमतिपत्रावर सही घ्या. प्रयुक्ताला रंग ओळखता येतात का ते पडद्यावरच दोन्ही गोल दाखवून पाहा.

२. यादीतली ओळ पाहा आणि क्रम, कळ, हात हे तिन्ही नोंदपत्रकावर आधी लिहा. नंतर आठवून लिहिलेला क्रम मी ग्राह्य धरत नाही.

३. मुख्य ब्लॉक सुरू होण्याआधी दोन्ही अटींचा बारा-बारा ट्रायलचा सराव द्या, त्या प्रयुक्ताच्या क्रमातली पहिली अट आधी. सरावाच्या वक्राचा सर्वांत उभा भाग इथेच खर्ची पडतो. 'ब'च्या सरावात बारापैकी दोनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर सूचना पुन्हा वाचून सराव एकदाच परत द्या.

४. प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला आठ ट्रायल जादा ठेवा, प्रयुक्ताला न सांगता. त्या विश्लेषणात घ्यायच्या नाहीत. आधीच्या ब्लॉकची सवय त्या आठांत झटकली जाते.

५. ब्लॉकमध्ये दोन मिनिटे विश्रांती, सगळ्यांना सारखीच. मोबाइल नको, आणि 'तुझा टाइम काय आला' हेही नको. आकडे प्रयोग संपल्यावरच दाखवा.

६. शेवटी विचारा: मध्येच काही युक्ती वापरलीत का? 'अ'मध्येही मी आधी रंग बघत होतो, असे उत्तर आले तर ते शब्दशः लिहून ठेवा. पुढच्या टप्प्यात ते उपयोगी पडते.

इशारा: झालेला प्रयुक्त दाराबाहेर थांबलेल्याला प्रयोग समजावून सांगत बसतो. रिकाम्या ट्रायलचे गुपित फुटते ते असे. प्रतीक्षेची जागा वेगळी ठेवा.

## टप्पा ७: डेटा साफ करा, नियम आधी ठरवून

चुकीची कळ, १०० मिलिसेकंदांच्या आतली प्रतिक्रिया आणि दीड सेकंदात न आलेली प्रतिक्रिया काढून टाका. किती काढल्या ते अटीनुसार मोजून लिहा. आठ रिकाम्या ट्रायल 'अ'च्या आणि आठ 'ब'च्या होतात. त्यात कोणत्याही अटीत दोनपेक्षा जास्त वेळा कळ दाबलेला प्रयुक्त बाद करायचा, असा नियम घ्या. आकडे थोडे इकडेतिकडे ठरवलेत तरी चालेल, पण निकाल पाहण्याआधी ठरवा.

मग प्रत्येक ब्लॉकचा मध्यक काढा, एक्सेलमध्ये `=MEDIAN(...)`. प्रतिक्रिया काळांची शेपटी उजवीकडे लांब असते. एकदा शिंक आली की ९०० चा आकडा येतो आणि सरासरी त्याच्यामागे ओढली जाते. मध्यक जागचा फारसा हलत नाही. 'अ'च्या दोन मध्यकांची सरासरी हा त्या प्रयुक्ताचा 'अ', तसाच 'ब'.

एका प्रयुक्ताचे गणित असे दिसते. क्रम अ-ब-ब-अ, चार मध्यक २८८, ४०२, ३७१, २६४. 'अ' = (२८८ + २६४) ÷ २ = २७६. 'ब' = (४०२ + ३७१) ÷ २ = ३८६.५. फरक ११०.५ मिलिसेकंद. 'अ' पहिल्यापासून चौथ्या ब्लॉकपर्यंत २४ ने उतरला, पण त्यात हातही बदलला आहे. म्हणून एका प्रयुक्ताच्या आकड्यावरून सरावाबद्दल बोलू नका, ते वर्गाच्या तक्त्यावरून बोला.

## टप्पा ८: प्रतिसंतुलन चालले का, ते तपासा

हा टप्पा बहुतेक जर्नलमध्ये नसतोच. प्रतिसंतुलन एका गृहीतकावर उभे असते: 'अ' करून 'ब'कडे जाण्याचा परिणाम आणि 'ब' करून 'अ'कडे जाण्याचा परिणाम सारखाच आहे. या प्रयोगात तो सारखा नसण्याची दाट शक्यता आहे. 'ब'मध्ये रंग ओळखायची सवय लागलेला माणूस 'अ'मध्येही रंग ओळखून मगच कळ दाबतो. उलट दिशेने अशी सवय येत नाही, किंवा वेगळ्या प्रकारची येते.

वर्गाचे मध्यक गट आणि ब्लॉकच्या स्थानानुसार मांडा. सराव वगळता बाकी सगळे ठीक असेल तर टप्पा ३ मधल्या कल्पित आकड्यांनी तक्ता असा येईल:

| ब्लॉक | १ | २ | ३ | ४ |
|---|---|---|---|---|
| अ-ब-ब-अ गट | अ ३०० | ब ३८८ | ब ३८२ | अ २८० |
| ब-अ-अ-ब गट | ब ४०० | अ २८८ | अ २८२ | ब ३८० |
| ब वजा अ | १०० | १०० | १०० | १०० |

शेवटची ओळ सपाट आहे. आता 'ब'नंतरचा 'अ' जुन्या सवयीने मंदावला, असे धरू:

| ब्लॉक | १ | २ | ३ | ४ |
|---|---|---|---|---|
| अ-ब-ब-अ गट | अ ३०० | ब ३८८ | ब ३८२ | अ ३१५ |
| ब-अ-अ-ब गट | ब ४०० | अ ३२८ | अ ३०० | ब ३८० |
| ब वजा अ | १०० | ६० | ८२ | ६५ |

इथे नेहमीची तपासणी करून पाहा, म्हणजे दोन्ही गटांचा फरक वेगवेगळा काढा. पहिल्या गटात 'ब' ३८५, 'अ' ३०७.५, फरक ७७.५. दुसऱ्या गटात 'ब' ३९०, 'अ' ३१४, फरक ७६. दोन्ही गट जवळपास सारखे, म्हणून विद्यार्थी लिहितो, 'क्रमाचा परिणाम आढळला नाही.' प्रत्यक्षात दोन्ही गट सारखेच चुकले आहेत आणि खऱ्या १०० मधले २३ मिलिसेकंद गायब आहेत. गटांची तुलना हे दाखवत नाही, स्थानांची दाखवते. पहिल्या ब्लॉकआधी दोन्ही गटांचा फक्त थोडा सराव झालेला असतो, म्हणून तिथला फरक सर्वांत स्वच्छ. पुढच्या स्थानांवर तो आक्रसला, तर एकतर्फी परिणाम आहे.

एक मर्यादा लक्षात असू द्या. स्थानानुसार तुलना ही बारा-बारा वेगळ्या माणसांची तुलना आहे, त्यामुळे दहा-पंधरा मिलिसेकंदांचे चढउतार नुसत्या योगायोगानेही येतात. दुसरा पुरावा जोडीला घ्या. मागचा ब्लॉक 'ब'चा होता अशा 'अ' ब्लॉकमध्ये पहिल्या दहा ट्रायलचा मध्यक शेवटच्या दहांपेक्षा बराच जास्त आहे का? आणि शेवटच्या प्रश्नाला 'अ'मध्येही रंग बघत होतो म्हणणारे किती? तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत असतील, तर निष्कर्षात तसे लिहा आणि पहिल्या ब्लॉकचा फरक स्वतंत्र द्या. पुढच्या बॅचला जादा ट्रायल आठऐवजी वीस करून पाहता येतील. तरीही परिणाम टिकला, तर या दोन अटींसाठी वेगवेगळे गट घेणेच बरे.

मुख्य चाचणी जोडीची टी-चाचणी. E स्तंभात प्रत्येकाचा 'अ', F मध्ये 'ब' असेल तर `=T.TEST(E2:E25,F2:F25,2,1)`. शेवटचा १ म्हणजे जोडीचा डेटा. तिथे २ टाकला की एक्सेल चोवीस जणांना अठ्ठेचाळीस वेगळी माणसे समजते आणि एकाच प्रयुक्तावर दोन्ही अटी घेण्याचा सारा फायदा वाया जातो.

## अटी तीन किंवा चार असतील तर

चार पर्यायांची तिसरी अट 'क' जोडली, तर अबक, बकअ, कअब एवढ्या तीन ओळींवर थांबू नका. प्रत्येक अट प्रत्येक जागी एकदा येते हे खरे, पण 'अ'नंतर लगेच 'ब' दोनदा येतो आणि 'ब'नंतर लगेच 'अ' एकदाही नाही. तीन अटींना सहाच्या सहा क्रम वापरा आणि प्रयुक्त सहाच्या पटीत घ्या.

चार अटींचे २४ क्रम होतात. तेवढी माणसे नसतील तर अबडक, बकअड, कडबअ, डअकब या चार ओळी पुरतात. यात प्रत्येक अट प्रत्येक जागी एकदा येते आणि प्रत्येक अटीनंतर लगेच बाकीची प्रत्येक अट एकेकदा येते. हातानेच पडताळून पाहा, बारा जोड्या आहेत.

## जर्नलमध्ये काय लिहायचे

'नियंत्रण' या मथळ्याखाली चार गोष्टी हव्यात: वापरलेले क्रम आणि प्रत्येकात किती प्रयुक्त, वाटणी कशी केली (आठ-आठच्या गटांत यादृच्छिक), हात आणि कळ कशी फिरवली, आणि किती प्रयुक्त बाद होऊन कोणत्या ओळीत बदलले. 'निकाल'मध्ये स्थानानुसारचा वरचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरा. छापील यादी आणि तुमच्या प्रयुक्ताचे मूळ नोंदपत्रक मागे जोडा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो: तुमचा प्रयुक्त कितव्या ओळीतला, आणि त्याचा क्रम कोणी ठरवला?